बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर परतताना: तारीख, काम, वेळ आणि विश्वास यांचं आधीच करायचं नियोजन

माझी मावसबहीण हिंजवडीतल्या एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे. रजा संपायला साधारण दोन महिने असताना तिचा फोन आला. "ताई, चार जानेवारीला रजा संपतेय. पाचला सोमवार आहे, त्याच दिवशी जॉइन होते. बरोबर ना?"

मी एचआरमध्ये आहे, पण नवरा सीए असल्यामुळे काही तारखा घरातही कानावर पडत असतात. मी विचारलं, "पाच तारखेला? आणि सात तारखेला टीडीएस भरायचा असतो ना तुमचा?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "अगं बाई. आणि जीएसटीची रिटर्नं: अकराला जीएसटीआर-1, वीसला 3बी."

सहा महिन्यांनी परतणाऱ्या बायकांचं गणित बिघडतं ते बहुतेक वेळा इथे. बाळाची सोय लागलेली असते, सासूबाई तयार असतात, दूध काढायचा पंप विकत आणलेला असतो. पण कोणत्या तारखेला परतायचं, पहिल्या महिन्यात नेमकं काय करायचं आणि काय करायचं नाही, हे कुणी कुणाशी बोललेलंच नसतं. बहिणीचं नियोजन आम्ही दोघींनी बसून केलं होतं. तेच इथे तपशिलात देते. तुमचं काम अकाउंट्सचं नसेल तर तारखा बदलतील, पद्धत तीच राहील.

रुजू होण्याची तारीख रजेच्या अर्जावरून ठरवू नका

कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, तेव्हा 12 चे 26 आठवडे झाले. आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच मुदत आहे. पण हे 26 आठवडे बाळ जन्मल्यापासून मोजत नाहीत. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात, आणि जितके आधी घ्याल तितके नंतरचे कमी होतात. त्यामुळे "सहा महिन्यांची रजा आहे, म्हणजे बाळ सहा महिन्यांचं होईल" हा हिशेब बऱ्याच जणींचा चुकतो.

बहिणीची रजा 7 जुलैला सुरू झाली, बाळ 28 जुलैला झालं. म्हणजे तीन आठवडे आधीच गेले. 5 जानेवारीला बाळ बरोबर 23 आठवड्यांचं होणार होतं. बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध द्यायला डॉक्टर सांगतात. मग 23 व्या आठवड्यात कामावर जायचं म्हणजे दिवसभराचं सगळं पोषण काढून ठेवलेल्या दुधावर. हेच आणखी दोन-तीन आठवडे लांबलं, तर वरचं अन्न सुरू व्हायच्या तोंडावर ती परतणार. दिवसाच्या दुधाचं ओझं मग लवकरच थोडं हलकं होतं.

तिची अर्जित रजा, म्हणजे पीएल, 19 दिवस शिल्लक होती. त्यातले 12 दिवस तिने बाळंतपणाच्या रजेला जोडले आणि 21 जानेवारीची तारीख ठरवली. त्याची तीन कारणं होती. 20 तारखेला 3बी भरून झालेला असतो, म्हणून विभाग जरा श्वास घेत असतो. 21 ला बुधवार होता, म्हणजे पहिला आठवडा तीनच दिवसांचा. आणि पुढच्या सोमवारी 26 जानेवारीची सुट्टी, म्हणजे दुसरा आठवडा चार दिवसांचा. पूर्ण पाच दिवसांचा आठवडा थेट तिसऱ्या आठवड्यात आला.

उरलेल्या सात दिवसांना हात लावायचा नाही, असं मी तिला बजावलं. पहिल्या तीन महिन्यांत बाळाला एकदा तरी ताप येतो, सांभाळणारी मावशी एकदा तरी दांडी मारते. तेव्हा शिल्लक रजा नसेल तर बिनपगारी जाते.

पीएल जोडायची असेल तर आधीची रजा संपण्यापूर्वी लेखी अर्ज करून मंजुरी घ्या. आपल्या कंपनीत दोन्ही रजा लागोपाठ चालतात का, हेही विचारून घ्या. तोंडी "हो हो, घे ना" वर राहू नका. मंजुरी सिस्टीममध्ये नसेल तर पगाराच्या वेळी ते दिवस गैरहजेरी म्हणून दिसतात आणि मग धावपळ होते.

साहेबांशी बोलणं: पाच आठवडे आधी, कागद घेऊन

रुजू व्हायच्या दिवशी केबिनमध्ये जाऊन "सर, मी आले" म्हणायचं आणि मग कामाचं बोलायचं, ही पद्धत सोडा. तोवर त्यांनी मनात तुमचं काम ठरवलेलं असतं. बहिणीने डिसेंबरच्या मध्यावर चाळीस मिनिटांची वेळ मागितली आणि व्हिडिओ कॉलवर बोलली. बाळ झोपायच्या वेळेला, अर्थात.

कॉलच्या आधी तिने रजेपूर्वी करत असलेल्या सगळ्या कामांची यादी केली. प्रत्येक कामापुढे दोनच गोष्टी लिहिल्या: हे काम कोणत्या तारखेला बांधलेलं आहे, आणि ऑफिसात बसूनच करावं लागतं का. किती तास लागतात हे मी मुद्दाम लिहू दिलं नाही. तासांचे आकडे सगळे आशेने लिहितात. तारखा मात्र खोटं बोलत नाहीत.

यादी साधारण अशी होती. पुरवठादारांची पेमेंट दर मंगळवारी आणि शुक्रवारी सुटतात. त्यासाठी डिजिटल सहीचं टोकन लागतं आणि ते ऑफिसच्या कपाटात असतं, म्हणून ते काम ऑफिसातच. टीडीएसची आकडेमोड दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. ती घरून होते. 14 तारखेला 2बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या जीएसटीचं विवरण, आलं की इनपुट टॅक्स जुळवणं, मग 20 ला 3बी. तेही घरून जमतं. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या नोंदी आपल्या हिशेबाशी जुळवणं, कधीही, कुठूनही. व्यवस्थापनाचा मासिक अहवाल दहा तारखेच्या आसपास. आणि नव्याने आलेल्या मुलांना शिकवणं, ज्याला तारीख नाही, पण रोज तासभर खातं.

ही यादी समोर ठेवल्यावर साहेबांशी बोलणं सोपं गेलं. "मला जमेल का" हा प्रश्नच आला नाही, "कोणतं काम कोणत्या तारखेपासून" एवढंच ठरवायचं होतं. सहा आठवड्यांची चढण अशी ठरली:

1. 21 ते 23 जानेवारी: कुठलंही रिटर्न नाही, कुठलंही पेमेंट नाही. लॉगिन, मधल्या सहा महिन्यांतले बदल, रजेत तिचं काम सांभाळणाऱ्या सहकाऱ्याबरोबर बसणं.
2. 27 ते 30 जानेवारी: पेमेंटची यादी तिने तयार करायची, सोडायची सहकाऱ्याने. 31 जानेवारीचं टीडीएसचं तिमाही रिटर्न पूर्णपणे सहकाऱ्याचं. तिने त्याला हातही लावायचा नाही.
3. फेब्रुवारीचा पहिला आठवडा: पेमेंट पूर्णपणे तिच्याकडे. टीडीएसची आकडेमोड तिची, तपासणी त्याची. (सात तारखेला शनिवार होता, म्हणून शुक्रवारीच भरून टाकायचं ठरलं.)
4. 9 ते 20 फेब्रुवारी: 2बी जुळवणं आणि 3बी तिचं. भरण्याआधी एकदा सहकाऱ्याची नजर.
5. 23 फेब्रुवारीपासून: बँक रिकन्सिलिएशनही परत. तपासणी बंद.
6. मार्च: पूर्ण काम. मार्च एंडिंगला ती तिच्या जागेवर.

मासिक अहवाल आणि नव्यांना शिकवणं परत आलंच नाही. ते सहकाऱ्याकडे छान चाललं होतं, त्यालाही पुढच्या बढतीसाठी ते हवं होतं. रजेआधी करत होतो ती सगळी कामं परत घेतलीच पाहिजेत, असा काही नियम नाही. उलट परतण्याची वेळ ही जुनी, कुणी न दिलेली, आपोआप गळ्यात पडलेली कामं सोडून द्यायची चांगली संधी असते.

"हळूहळू घे गं, घाई नाही" असं वरिष्ठ म्हणाले तर बरं वाटतं, पण त्या वाक्यात तारीख नसते. मी दोन्ही टोकं पाहिली आहेत. एका ठिकाणी तिसऱ्याच दिवशी सगळं काम टेबलावर येऊन पडलं. दुसऱ्या ठिकाणी चार महिने झाले तरी तिला "तुला त्रास नको" म्हणून फक्त फायलिंग देत होते, आणि पगारवाढीच्या वेळी "या वर्षी तुझ्याकडे जबाबदारी कुठे होती?" असा प्रश्न आला. म्हणून "हळूहळू" चं रूपांतर तारखांत करून घ्या. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी मेल टाका: "आज आपलं ठरलं ते असं", आणि खाली यादी.

आणखी एक काम कुणालाच आठवत नाही. सहा महिन्यांत पुरवठादारांना, बँकेतल्या माणसाला, ऑडिटरला तुमच्या सहकाऱ्याचा नंबर पाठ झालेला असतो. काम तुमच्याकडे परत आल्याचं त्यांना त्या सहकाऱ्याच्याच मेलवरून कळवा. नाहीतर फोन त्याला, जबाबदारी तुमची, आणि मधल्या मध्ये एखादं बिल दोघांच्याही हातून निसटतं.

रुजू व्हायच्या दहा दिवस आधी लॉगिनचं विचारा. सहा महिने न वापरलेला बँकेचा युजर आयडी बंद पडलेला असू शकतो आणि तो सुरू करायला फॉर्म, सह्या, दोन-चार दिवस जातात. डिजिटल सहीची मुदत संपली आहे का तेही बघा. बहिणीची संपली होती. पहिले तीन दिवस पेमेंट नाही असं ठरवलं होतं ते तिथेही कामी आलं.

वेळेची सवलत मागताना

कायदा काय देतो ते आधी स्पष्ट असू द्या. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त, बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळते. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय असली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. जेवणाची सुट्टी त्या चारांतच धरलेली आहे. रजेवर असल्यामुळे नोकरीच्या अटी आईच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येत नाहीत. घरून काम मात्र हक्क नाही. कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोघांचं एकमत असेल तरच ते मिळतं. म्हणून पाजण्याच्या सुट्टीबद्दल कळवायचं असतं आणि घरून कामाबद्दल विचारायचं असतं. दोन्ही एकाच सुरात मागितलं की दोन्ही सवलती वाटायला लागतात.

घरून कोणत्या दिवशी काम करायचं हे बहिणीने कामाच्या यादीवरूनच ठरवलं. पेमेंट मंगळवारी आणि शुक्रवारी ऑफिसातून, म्हणजे ते दोन दिवस जायलाच हवं. बुधवारी विभागाची बैठक. उरले सोमवार आणि गुरुवार. ऑफिसच्या दिवशी तिने साडेनऊ ते साडेसहाऐवजी साडेआठ ते साडेपाच मागितलं. कोथरूडहून साडेसातच्या सुमाराला निघालं तर तासाभराच्या आत पोचता येतं, तासभर उशिरा निघालं की हिंजवडीच्या रस्त्यावर काय होतं ते पुण्याच्या माणसाला सांगायला नको.

मेल इंग्रजीत गेला, पण त्यातला मजकूर असा होता:

"27 जानेवारी ते 30 एप्रिल या काळासाठी मी सोमवार आणि गुरुवार घरून, आणि इतर तीन दिवस 8.30 ते 5.30 या वेळेत ऑफिसातून काम करू इच्छिते. पेमेंट आणि साप्ताहिक बैठक ऑफिसच्या दिवशीच येतात, त्यामुळे कामाचा क्रम बदलत नाही. घरच्या दिवशी मी 9.30 ते 6.30 फोनवर आणि मेलवर उपलब्ध असेन. घरी बाळाला सांभाळायला माणूस आहे. 27 फेब्रुवारीला आपण एकदा आढावा घेऊ. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी पाचही दिवस ऑफिसात येईन. पाजण्याच्या सुट्टीसाठी मी रोज 11.00 आणि 4.00 या वेळा कॅलेंडरवर राखून ठेवत आहे."

यातली दोन वाक्यं जास्त उपयोगी पडली. एक, शेवटची तारीख. कायमची सवलत द्यायला वरिष्ठ कचरतात, तीन महिन्यांची सहज देतात, आणि काम नीट झालं तर ती आपोआप वाढते. दुसरं, मार्चचा शेवटचा आठवडा. सगळ्यात गर्दीच्या वेळी ती असणार, हे तिने स्वतःहून लिहिलं. साहेबांच्या मनातली खरी भीती तीच होती.

घरून काम म्हणजे बाळाला सांभाळणं नव्हे. हे घरच्यांनाही सांगावं लागतं. "आज तू घरीच आहेस ना, मग मावशींना सुट्टी देऊया" असं वाक्य पहिल्या महिन्यात येतंच. पाच महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन 2बी जुळवता येत नाही. मी ऐकीव सांगत नाही, माझ्या पहिल्या वेळी मी हा प्रयोग करून पाहिलाय.

आणि कुणी "पगार जरा कमी करू, वेळही कमी कर" असं सुचवलं तर लगेच हो म्हणू नका. मूळ पगार कमी झाला तर पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा हिशेबही त्याच आकड्यावर येतो. आकडे लेखी मागा, घरी बसून बघा.

दुधाचा हिशेब आणि रंगीत तालीम

ऑफिसच्या दिवशी ती 7.35 ला निघणार, 6.40 ला परत. म्हणजे अकरा तास. आई जवळ नसताना बाळाला तासाला सुमारे 30 मिली दूध लागतं असा ढोबळ हिशेब असतो. म्हणून दिवसाला 330 मिली. एका वेळी साठ ते शंभरची वाटी धरली तर चार वेळा. इतकंच लागतं. फ्रीजर भरून साठा करण्याच्या नादात रजेचे शेवटचे दोन आठवडे पंपाशी घालवू नका. पहिल्या दोन दिवसांचं दूध आणि वर थोडं, एवढं पुरे. पुढे आज काढलेलं उद्या वापरायचं.

ताजं काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. आपल्याकडे मार्चनंतर ऑफिसबाहेर 25 अंश कुठे मिळणार, म्हणून चार तासांवर विसंबू नका, लगेच फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजमध्ये चार दिवस चालतं, पण दारात ठेवू नका, मागच्या बाजूला ठेवा. घरी आणताना बर्फाच्या पिशव्या घातलेली थर्मल बॅग. गोठवलेलं दूध फ्रीजमध्ये वितळवलं की 24 तासांत वापरायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने अर्धवट प्यायलेलं दोन तासांनी टाकून द्यायचं. जीव तुटतो, पण टाकायचं.

ऑफिसात जागा कुठली, हे आधी विचारा. आतून कडी लागेल, प्लग पॉइंट असेल अशी खोली पाहिजे. स्वच्छतागृह चालणार नाही, आणि कुणी तसं सुचवलं तर नाही म्हणायला लाजू नका. एका वेळेला पंधरा-वीस मिनिटं लागतात. अकरा तासांत दोन वेळा सगळ्यांना पुरत नाही, बहिणीला जेवणाच्या सुट्टीतही एकदा बसावं लागायचं. बैठक लांबली म्हणून एक वेळ चुकवली तर छाती दगडासारखी होते. एखादी जागा लाल, गरम, दुखरी झाली आणि वर थंडी वाजून ताप आला, तर ते ऑफिसच्या दगदगीवर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तालीम तीन आठवडे आधी सुरू केली. आधी एक तास मावशींकडे, बहीण खाली सोसायटीच्या बागेत. मग दोन तास. मग अर्धा दिवस. शेवटी एका बुधवारी अख्खा दिवस खराखुरा: 7.35 ला घराबाहेर, डबा, पंप, बॅग सगळं घेऊन, संध्याकाळी परत. त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. बाळाने बाटली तोंडातही घेतली नाही. आणि पंपाची वायर घरीच राहिली. दोन्ही गोष्टी 21 तारखेला कळल्या असत्या तर?

बाटलीवर उपाय साधा निघाला: वाटी-चमचा, बाळाला उभट धरून, घाई न करता. मावशींच्या हातून घेतलं, आईच्या हातून नाही. आई समोर असली की बाळ चमच्याकडे बघतच नाही.

एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. काही बाळं दिवसा जेमतेम पितात आणि आई घरी आली की रात्रभर कसर भरून काढतात. वजन वाढतंय, लघवी नेहमीसारखी होतेय, तर काळजीचं कारण नसतं. पण आईची झोप मात्र जाते, आणि तिचा परिणाम ऑफिसात दिसतो.

"मला काहीच येईनासं झालंय"

पहिल्या गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला, तेव्हा ती बसस्टॉपवर रडत होती. सहा महिन्यांत सॉफ्टवेअरमध्ये पुरवठादारांचे कोड बदलले होते. पेमेंटच्या मंजुरीत एक नवी पायरी आली होती. तिने शिकवलेली मुलगी तिला सांगत होती, "मॅडम, हे आता असं नाही करत."

आत्मविश्वास गेला असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक म्हणजे माहिती जुनी झालेली असते. दुसरं म्हणजे झोप कमी झालेली असते. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

जुन्या माहितीसाठी एकच वही. वर लिहायचं "बदललेलं". सहकाऱ्याबरोबर बसून विचारायचं: मी गेल्यापासून कोणते कोड, कोणत्या मंजुऱ्या, कोणती माणसं, कोणत्या तारखा बदलल्या? बहिणीच्या वहीत सतरा नोंदी झाल्या. सतरा! सोमवारची सुट्टी धरून आठवड्याभरात त्या तिच्या हातात बसल्या. ज्याला ती "काहीच येत नाही" म्हणत होती ते एवढंच होतं. प्रश्न विचारायचे ते पहिल्या दोन आठवड्यांतच विचारून घ्या. तेव्हा सगळे "सहा महिन्यांनी आलीय" म्हणून आनंदाने सांगतात. तोच प्रश्न दोन महिन्यांनी विचारला तर भुवया वर जातात.

झोपेचं मात्र वहीने सुटत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिचा पेमेंटचा हिशेब 9,000 रुपयांनी जुळेना. अकाउंट्समध्ये एक जुनी खूण आहे: फरकाला नऊने भाग जात असेल तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते. तिने शोधलं आणि सापडलं. 54,300 च्या जागी 45,300 टाकलं होतं. आधीची रात्र बाळाने चार वेळा उठवलं होतं. पेमेंट सुटायच्या आत सापडलं म्हणून बरं.

त्यानंतर तिने दोन नियम केले. रक्कम टाकायची सगळी कामं सकाळी अकराच्या आत. दुपारी तीननंतर फक्त मेल, फोन, फायली. आणि रात्र वाईट गेली असेल तर त्या दिवसाचं काम सोडायच्या आधी कुणालातरी एकदा दाखवायचं, कारण न सांगता. मी तर म्हणेन, कामाच्या चुकांची नोंद ठेवताना बाजूला आदल्या रात्रीची झोपही लिहा. दोन आठवड्यांत दिसतं की चुका बुद्धीच्या आहेत की झोपेच्या.

घरी रात्रीची वाटणी हाही कामाच्या नियोजनाचाच भाग आहे. तिच्या नवऱ्याने मंगळवार आणि शुक्रवारच्या आदल्या रात्री, म्हणजे पेमेंटच्या आधीच्या रात्री, आपल्याकडे घेतल्या. बाळ उठलं की त्याने उचलायचं, वाटी-चमच्याने पाजायचं. रोज अर्धी रात्र वाटून घेण्यापेक्षा आठवड्यातल्या दोन अख्ख्या रात्री मिळणं तिला जास्त मानवलं.

रडू येणं, अपराधी वाटणं हे पहिल्या काही दिवसांत खूप जणींना होतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटतंय, बाळाजवळही मन लागत नाही, झोपायला मिळालं तरी झोप येत नाही, असं असेल तर तो आत्मविश्वासाचा प्रश्न नाही. प्रसूतीनंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं. डॉक्टरांशी बोला, सरकारी टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

27 फेब्रुवारीचा आढावा

ठरलेल्या तारखेच्या आढाव्याला बरेच जण "सगळं ठीक चाललंय" म्हणून सुट्टी देतात. देऊ नका. बहिणीने तीन गोष्टी नेल्या: ठरलेल्या यादीतलं काय वेळेवर झालं, काय सरकलं, आणि कुठे अडलं. अडलं ते एकच होतं: साडेपाचला निघायचं ठरलं असताना बुधवारची बैठक पाचला सुरू होऊन सव्वासहापर्यंत चालायची. तिने तक्रार केली नाही, "बैठक तीनला घेतली तर मी शेवटपर्यंत थांबू शकते" एवढंच म्हणाली. तीनला झाली.

त्याच बैठकीत तिने वार्षिक मूल्यमापनाचं विचारलं. वर्षातले सहाच महिने काम केलेल्या माणसाचं उद्दिष्ट बारा महिन्यांचं धरू नये, हे एप्रिलमध्ये गुण हातात आल्यावर सांगण्यापेक्षा फेब्रुवारीत ठरवून घेतलेलं बरं. साहेब म्हणाले, "एचआरला विचारतो." तिने त्याच संध्याकाळी मेल टाकून ते वाक्य लिहून ठेवलं.

मार्च एंडिंगला ती पाचही दिवस ऑफिसात होती. 31 च्या रात्री घरी पोचायला साडेनऊ झाले, बाळ झोपून गेलं होतं. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी ती परत घरून कामाला बसली, आणि कॅलेंडरमध्ये 28 ऑक्टोबरची नोंद टाकली: बाळ 15 महिन्यांचं, पाजण्याची सुट्टी संपते, पंधरा दिवस आधी वेळेचं पुन्हा बोलायचं.